नो-शो निम्म्यावर आले आणि दारातला गोंधळ वाढला: एका रेस्टॉरंटच्या शनिवारचं प्रकरण

रेस्टॉरंटचं नाव सांगत नाही, आकडेही थोडे गोल केलेत, पण प्रकरण असं की बुकिंग घेणाऱ्या कुठल्याही गर्दीच्या जागेला लागू पडेल. 21 टेबलं, 68 खुर्च्या. त्यात दोघांची 10, चौघांची 9 आणि सहाजणांची 2. शनिवारी संध्याकाळी 7 ते 11 डिनर. बुकिंग यायचं तीन वाटांनी: डेस्कवरचा फोन, वेबसाइटवरचा फॉर्म, आणि मालकांचा स्वतःचा मोबाईल. आणि मालकांची तक्रार एकच होती, नो-शो, म्हणजे लोक बुक करतात आणि येत नाहीत.

तक्रार खरी होती. चार शनिवारांचं रजिस्टर काढलं तर 136 बुकिंगपैकी 17 जण आलेच नव्हते, म्हणजे शनिवारी साधारण चार टेबलं. चार टेबलं पाऊण तास रिकामी बघत उभं राहणं आणि त्याच वेळी दारातून वॉक-इन, म्हणजे बुकिंग न करता थेट आलेल्या लोकांना "सॉरी, फुल आहे" म्हणून परत पाठवणं, हे कुठल्याही मालकाला झोंबणारच. म्हणून मग त्यांनी सगळे करतात तेच केलं, आदल्या दिवशी कन्फर्मेशनचा मेसेज पाठवायला सुरुवात केली. उपाय चाललाही. पुढच्या दोन शनिवारी नो-शो चारवरून दोनवर आले.

आणि दारातली भांडणं वाढली. आधी शनिवारी तीनचार वेळा "अहो, आमचं आठचं बुकिंग आहे आणि टेबल कुठेय?" व्हायचं, ते चारपाच वेळा व्हायला लागलं. मॅनेजर म्हणाला, साहेब, मेसेज बंद करूया, आधी बरं होतं. ऐकायला विनोदी वाटतं, पण तो जे बघत होता ते बरोबरच होतं. फक्त त्याचं कारण मेसेजमध्ये नव्हतं, बुकिंगच्या वहीत होतं.

वहीत काय होतं

रजिस्टरमध्ये एकेक टेबल घेऊन रेघ मारत गेलं की दिसतं. चार शनिवारात 14 वेळा असं झालं होतं की बुकिंगवाले वेळेवर आले आणि त्यांचं टेबल अजून भरलेलं म्हणून दहा मिनिटांपेक्षा जास्त उभे राहिले. स्टाफ या सगळ्याला सरसकट डबल बुकिंग म्हणायचा. पण नीट बघितलं तर खरं डबल बुकिंग, म्हणजे एकाच टेबलावर एकाच वेळी दोन नावं, फक्त 3 होती. तिन्ही वेळा एक नाव वहीतलं आणि दुसरं मालकांच्या मोबाईलवर घेतलेलं, जे वहीत उतरलंच नव्हतं किंवा संध्याकाळी सहाला उतरलं होतं.

उरलेली 11 वेगळीच भानगड होती. टेबलावर दोन नावं नव्हती, दोन वेळा एकमेकांवर चढल्या होत्या. वहीचा नियम होता की प्रत्येक बुकिंगला दीड तास. दोघं असोत नाहीतर सहा, दीड तास. साडेसातला चौघं बसले की त्याच टेबलावर नऊला पुढचं नाव. कागदावर बरोबर. प्रत्यक्षात नऊ वाजता ते चौघं डेझर्टचं मेन्यूकार्ड मागत असायचे आणि नऊवाले दारात.

आता मजा बघा. 17 नो-शो कुठल्या टेबलांवर पडले ते मोजलं तर त्यातले 6 नेमके अशा टेबलांवर होते जिथे आधीची मंडळी अजून बसलेली होती. म्हणजे पुढचे लोक आले असते तर तिथेही भांडण झालं असतं, ते आले नाहीत म्हणून कोणाला कळलंच नाही. खरी टक्कर 14 नव्हे, 20 ठिकाणी होती आणि त्यातल्या 6 नो-शोनी गुपचूप गिळल्या होत्या. मेसेज सुरू झाल्यावर लोक यायला लागले आणि लपलेल्या टकरा दारात उघड्या पडल्या.

म्हणून या प्रकरणात क्रम महत्त्वाचा ठरला. आधी वही दुरुस्त, मग नो-शो. उलटं केलं की नो-शो कमी करण्याची शिक्षा वेळेवर येणाऱ्या पाहुण्यांना होते. ज्यांच्याकडे नो-शो भरपूर आहेत आणि तरीही शनिवार कसाबसा निभतोय, त्यांनी एकदा शंका घ्यायलाच हवी की हे नो-शोमुळेच निभतंय का. तपासायला सोपं आहे, न आलेल्यांच्या वेळी ते टेबल खरंच रिकामं होतं का एवढंच बघायचं.

दीड तास आला कुठून

कोणालाच माहीत नव्हतं. कधीतरी कोणीतरी ठरवलं आणि राहिलं. खरा वेळ काढायला बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधून बिल उघडल्याची आणि बंद झाल्याची वेळ घेतली, पण त्यात एक गोची असते. बिल उघडतं पहिली ऑर्डर टाकल्यावर, म्हणजे लोक बसून दहाबारा मिनिटं होऊन गेलेली असतात. आणि बिल भरलं म्हणजे लोक उठले असंही नाही, गप्पा राहिलेल्या असतात, फोटो राहिलेले असतात. त्यामुळे सॉफ्टवेअरवरून काढलेला वेळ नेहमी कमी दिसतो. डेस्कवरच्या मुलीला दोन शनिवार फक्त दोन गोष्टी हाताने लिहायला सांगितल्या, बसले किती वाजता आणि खुर्च्या रिकाम्या झाल्या किती वाजता. बाकी काही नाही.

निघालं असं: दोघांचं टेबल सरासरी 72 मिनिटं, चौघांचं 98, सहाजणांचं 125. मॅनेजर लगेच म्हणाला, मग चौघांना 100 मिनिटं धरू. इथेच फसतात लोक. सरासरी 98 म्हणजे जवळपास निम्मी टेबलं 98 नंतर उठणार, आणि तुम्ही त्यावर पुढचं नाव लावलं की निम्म्या वेळा दारात कोणीतरी उभं. म्हणून सरासरी सोडून दिली आणि बघितलं की दहापैकी आठ टेबलं किती वेळात रिकामी होतात. दोघांचं 90, चौघांचं 120, सहाजणांचं 150. हे धरलं, आणि वर 10 मिनिटं टेबल पुसून परत लावायला. मालकांचा चेहरा पडला, कारण हिशोबाने आता चौघांचं टेबल 7 आणि 9:10 असं दोनदाच फिरतं आणि सहाजणांचं तर कसंबसं दीडदा. पण ते आधीही तेवढंच फिरत होतं, फक्त वहीत जास्त दिसत होतं.

दहातली दोन टेबलं तरीही उशिरा उठणार हे मान्य करून टाकलं. त्या दोनांसाठी सगळ्यांना तीन तास देण्यात अर्थ नाही, त्यांची सोय वेगळी करायची, ती पुढे येते.

दुसरा बदल दिसायला किरकोळ, पण माझ्या मते सगळ्यात मोठा हाच. बुकिंग घेतानाच टेबल नंबर लिहायचं बंद केलं. आधी फोनवरच "12 नंबर" लिहून टाकायचे आणि मग 12 वरचे लोक उठले नाहीत की 12 वाले उभेच, शेजारचं 14 रिकामं असलं तरी, कारण 14 दुसऱ्या कोणाच्या नावावर अर्ध्या तासाने होतं. आता वहीत फक्त "चौघं, 7:15" लिहायचं आणि त्या वेळी चौघांची किती टेबलं मोकळी आहेत तेवढंच मोजायचं. नंबर द्यायचा पाहुणे दारात आल्यावर, त्या क्षणी जे मोकळं असेल ते. अपवाद तीनच: व्हीलचेअर असेल तर, टेबलं जोडायची असतील तर, आणि एखाद्याने खिडकीजवळचंच टेबल मागून आपण हो म्हटलं असेल तर. जोडलेल्या टेबलांचं मात्र दुपारीच ठरवायचं, कारण दोघांची दोन टेबलं सरकवून चौघांचं केलं की वहीत चौघांचं एक वाढतं पण दोघांची दोन कमी होतात, आणि हे वजा करायला हमखास विसरतात.

यातनं उशिरा उठणाऱ्यांची सोय आपोआप होते. चौघांची सात टेबलं एका गटात असली तर एखादं उशिरा उठलं तरी दुसरं एखादं लवकर उठलेलं असतं. नंबर बांधून टाकले की हा फायदा जातो.

मालकांच्या मोबाईलचं काय केलं ते शेवटी सांगतो, ते जास्त नाजूक होतं.

आठ वाजता सगळेच

अजून एक गोष्ट वहीत होती जी डबल बुकिंगसारखी दिसत नव्हती पण टकरांना खतपाणी तिथूनच मिळत होतं. आठच्या ठोक्याला 9 बुकिंग, 28 माणसं. शेफला विचारलं की पाव तासात किती लोकांच्या ऑर्डर किचन आरामात झेलतं, तो म्हणाला 14 पर्यंत ठीक, वर गेलं की सगळंच मागे पडतं. म्हणजे आठला आलेल्या 28 जणांपैकी निम्म्यांना पहिली डिश उशिरा, मग मेन कोर्स उशिरा, मग टेबल वीस मिनिटं जास्त अडकतं, मग साडेनऊवाले दारात. टक्कर साडेनऊला दिसते आणि तिचं मूळ आठला असतं, आणि ओरडा बसतो सर्व्हिसवाल्यांना.

म्हणून पाव-पाव तासाचे खाने केले आणि एका खान्यात बुकिंगची 10 माणसं, उरलेली चार वॉक-इनसाठी. फोनवर "आठ फुल आहे" न म्हणता "7:45 किंवा 8:15 देऊ का?" विचारायचं. बरेच लोक हो म्हणतात, कारण आठ हा आकडा त्यांनी सहज सांगितलेला असतो. जे नाही म्हणतात ते जातात, त्याला इलाज नाही.

वॉक-इनसाठी किती टेबलं ठेवायची

इथे मालकांचं आणि माझं जरा वाजलं. त्यांचं म्हणणं, बुकिंग येतंय तर घ्यायचं, दारातून कोण येईल याचा काय भरवसा. आणि नो-शोसाठी विमान कंपन्या करतात तसं जास्तीचं बुकिंग घेऊया ना, चार येत नाहीत तर चार जास्त घ्या.

विमानात एका वर्गातल्या सीट सगळ्या सारख्याच असतात, आणि ज्याला जागा मिळाली नाही त्याला पैसे देऊन पुढच्या विमानात बसवता येतं. इथे सहाजणांचं बुकिंग आलं नाही म्हणून जास्तीच्या चौघांना बसवता येईल, पण दोघं आले नाहीत तर चौघांना कुठे बसवणार? शिवाय सरासरी चार असली तरी एका शनिवारी एकच नो-शो होता आणि एका शनिवारी सात. ज्या दिवशी एकच असेल त्या दिवशी तीन कुटुंबं बुकिंग असून दारात, आणि ती परत येत नाहीत, वर चार जणांना सांगतात.

त्याऐवजी वॉक-इनलाच उशी म्हणून वापरायचं ठरलं. वॉक-इनवाल्याला आपण काही कबूल केलेलं नसतं. त्याला "वीस मिनिटं" सांगितली आणि तो थांबला तर छान, गेला तर राग नाही. नो-शोचं भोक त्याच्यानेच भरायचं, आणि भोक पडलंच नाही तरी कोणाचा शब्द मोडत नाही.

मग किती? टक्केवारी ठरवली की फसतं, कारण वॉक-इन येतात ते बहुतेक जोडीने. वेटिंगच्या कागदावर बघितलं तर दारातून आलेल्यांमध्ये निम्म्याहून जास्त दोघं-दोघं होते आणि सहाजणांचा गट क्वचितच. म्हणून टेबलाच्या प्रकारानुसार ठेवली: दोघांच्या 10 पैकी 4 आणि चौघांच्या 9 पैकी 2 कधीच बुक करायची नाहीत. सहाची दोन्ही बुकिंगलाच. मिळून 16 खुर्च्या, पाव भागापेक्षा किंचित कमी. आणि हे फक्त शुक्रवार-शनिवार. आठवड्याच्या मधल्या दिवसात दारातून फार कोणी येत नाही, तेव्हा टेबलं राखून ठेवणं म्हणजे बुकिंगही घालवणं, त्या दिवशी सगळी 21 बुकिंगला खुली.

वेटिंग लिस्टवर आधी फक्त नाव लिहायचे. आता चार गोष्टी: नाव, किती जण, मोबाईल, आणि किती मिनिटं सांगितली. टेबल दिल्यावर त्याच ओळीत खरी लागलेली मिनिटं. आठवडाभरात लक्षात आलं की डेस्कवरची मुलगी सगळ्यांना "दहा-पंधरा मिनिटं" सांगायची आणि खरे लागायचे पंचवीस. ती खोटं बोलत नव्हती, तिला आतलं काही दिसतच नव्हतं. मग आतल्या मुलांनी प्रत्येक टेबलाची अवस्था तिला कळवायची असं ठरलं: मेन कोर्स गेला, डेझर्ट गेलं, बिल मागितलं. बिल मागितलेलं टेबल साधारण दहापंधरा मिनिटात मोकळं होतं, मेन कोर्स नुकताच गेलेलं अजून पाऊण तास तरी नाही. एवढं कळलं की अंदाज सुधारतो. आणि जरा जास्तच सांगायचं, पंचवीस सांगून वीसला बसवलं तर पाहुणा खूश, पंधरा सांगून वीसला बसवलं तर तोच पाहुणा चिडलेला. पण उगाच पन्नास सांगू नये, तो निघून जातो आणि दहा मिनिटात टेबल मोकळं होतं.

अजून एक, जे आधी करायला सगळे घाबरायचे. सात वाजता दोघं वॉक-इन आले आणि बुकिंगच्या टेबलावर पुढचं नाव 8:45 ला असेल तर त्यांना बसवायचं, पण बसवण्याआधी स्पष्ट सांगायचं की हे टेबल साडेआठपर्यंत आहे, चालेल का. बसवल्यावर सांगितलं तर तो अपमान वाटतो, दारात सांगितलं तर बहुतेक जण "चालेल की" म्हणतात.

मग नो-शो

वही जागेवर आल्यावर मेसेज परत सुरू केला. आदल्या दिवशी सकाळी जायचा, आणि त्यात "येताय का" विचारून खाली दोनच उत्तरं, 1 पाठवा येतोय, 2 पाठवा रद्द. आधीच्या मेसेजमध्ये रद्द करायला फोन करा असं होतं आणि लाजेने किंवा आळसाने लोक तो करत नाहीत, गप्प बसतात. रद्द करणं सोपं केलं की रद्द करणारे वाढतात, मालकांना आधी ते नुकसान वाटलं, पण आदल्या दिवशी मोकळं झालेलं टेबल परत विकता येतं, आठ वाजून दहा मिनिटांनी मोकळं झालेलं नशिबावर. ज्यांचं उत्तर आलं नाही त्यांना आणि पाचपेक्षा जास्त जणांच्या सगळ्या गटांना फोन. फोनवर येताय का बरोबर "किती जण?" पण विचारायचं. सहाचं बुकिंग करून चौघं येणं हा पण अर्धा नो-शोच आहे, दोन खुर्च्या रात्रभर रिकाम्या आणि तो कुठल्या आकड्यात दिसत नाही.

अॅडव्हान्स सगळ्यांकडून घ्यायचा विचार होता, तो सोडला. 17 नो-शोंमध्ये बघितलं तर मोठे गट आणि खूप आधी, तीन आठवडे वगैरे आधी केलेलं बुकिंग हे जास्त होते. दोघं जण त्याच दिवशी दुपारी फोन करून बुक करतात ते येतातच, त्यांच्यापुढे पैशाची अट ठेवली तर ते फक्त दुसरीकडे जातील. आणि दोघांचं टेबल रिकामं राहिलं तरी वॉक-इनने लगेच भरतं. म्हणून अॅडव्हान्स फक्त शनिवारच्या सहा आणि वरच्या गटांना, 24 तास आधीपर्यंत रद्द केलं तर पूर्ण परत, आले तर बिलातून वजा. हे बुकिंग घेतानाच बोलून आणि लिहून, दोन्ही. नंतर सांगितलेली अट वसूल करायला गेलं की पैसे मिळतात आणि पाहुणा जातो.

उशिरा येणाऱ्यांसाठी: दहा मिनिटं झाली की फोन. उचलला आणि निघालोय म्हणाले तर थांबायचं. उचललाच नाही तर दोघांचं आणि चौघांचं टेबल पंधराव्या मिनिटाला सोडायचं, सहाचं वीसला. सहाला पाच मिनिटं जास्त का, तर ते तसंही पटकन भरत नाही आणि सहा माणसं गोळा होऊन यायला उशीर होतोच. टेबल सोडल्यावर ते आले तर त्यांना "तुमचं बुकिंग रद्द झालं" हे वाक्य उच्चारायचं नाही, वेटिंगमध्ये सगळ्यात वर घ्यायचं.

एक संध्याकाळ

नव्या पद्धतीतला एक शनिवार सांगतो म्हणजे हे सगळं एकत्र कसं चालतं ते दिसेल.

आठला सहाजणांचं बुकिंग, अॅडव्हान्स भरलेला, आदल्या दिवशी "1" आलेला. 8:10 ला फोन, कोणी उचलला नाही. 8:15 ला परत, तेच. वेटिंगवर चौघांचा एक गट 7:55 पासून, त्यांना पंचवीस मिनिटं सांगितली होती. चौघांची सगळी टेबलं भरलेली, आणि जे सगळ्यात पुढे होतं त्याचं डेझर्ट नुकतंच गेलेलं. 8:20 ला त्या चौघांना सहाच्या टेबलावर बसवलं. सांगितलेल्या वेळेला, बरोबर.

8:40 ला सहावाले आले. सहा नाही, पाच. फोन सायलेंटवर होता. जुन्या दिवसात इथे आवाज चढला असता. डेस्कवरच्या मुलीने स्वतः वाद न घालता मॅनेजरला बोलावलं, हा पण ठरलेला नियम होता. तो म्हणाला, "दोनदा फोन केला होता, टेबल वीस मिनिटं धरलं, आता पंचवीस मिनिटात तुम्हाला बसवतो, तोवर इथे बसा, काय घेणार प्यायला?" कोणाची चूक यावर एक शब्द नाही. तोवर आतून कळलं होतं की चौघांच्या एका टेबलाने बिल मागितलंय आणि त्याच्या शेजारचं वॉक-इनचं दोघांचं टेबल मोकळं होतंय. दोघांचं पुढे कोणाला न देता धरून ठेवलं, 9:03 ला दोन्ही जोडून पाच जण बसले. अॅडव्हान्स बिलातून वजा केला. मालकांना तो जप्त करायचा होता, उशीर झाला म्हणून. पण अट न येण्याची होती, उशिराची नव्हती, आणि तसं लिहिलेलंही होतं.

त्या रात्री एक टक्कर तरी झालीच. 9:15 चे चौघं वेळेवर आले आणि चौघांची टेबलं सगळी भरलेली, कारण दोन टेबलं सव्वादोन तास झाले तरी हलत नव्हती. अशा वेळी न मागता बिल नेऊन ठेवायचा मोह होतो. तो टाळायचा, बसलेल्याला उठवलं की दोन्हीकडचे पाहुणे गमावतो. रिकाम्या प्लेट्स लवकर उचलायच्या, "अजून काही आणू का?" एवढंच विचारायचं. त्यावर बहुतेक वेळा बिलच मागतात. 9:15 वाले सतरा मिनिटं थांबले आणि मॅनेजर त्यांच्यासोबत होता.

आणि खरं डबल बुकिंग झालंच कधी तर नियम एकच: जो आधी दारात आला तो बसतो. कोणी आधी बुक केलं याचा शोध पाहुण्यांसमोर घ्यायचा नाही, दुसऱ्याला नेमकी वेळ सांगायची आणि मॅनेजरने स्वतः सांगायची.

पुढच्या सहा शनिवारांत खरं डबल बुकिंग झालं नाही, वेळा चढण्याचा प्रकार शनिवारी एखादा, नो-शो दोनच्या आसपास. बुकिंग 34 वरून 28 वर आलं, ते मालकांना बरेच दिवस खटकलं. पण बसून जेवलेली माणसं मोजली तर आधी शनिवारी 105-106 होती, ती 118 च्या आसपास गेली, कारण वॉक-इन जवळपास दुप्पट झाले. एका रेस्टॉरंटचे सहाच शनिवार आहेत, जिथे दारासमोरून लोक जातच नाहीत अशा जागी हे प्रमाण चालणार नाही, तिथे राखीव टेबलं बरीच कमी ठेवावी लागतील.

सहाच्या टेबलांचं मात्र सुटलं नाही. लोकांना दोन्ही आठलाच हवी असतात, आठला बसले की साडेदहापर्यंत टेबल गेलं आणि त्याआधीचा एक तास रिकामा. सातला या म्हटलं तर मोठे गट येत नाहीत. सध्या तो एक तास वॉक-इन दोघातिघांना देतात, मुदत सांगून.

आणि मालकांचा मोबाईल. त्यांना बुकिंग घेऊ नका सांगणं शक्य नव्हतं, त्यांच्या ओळखीचे लोक हे वर्षानुवर्षांचे गिऱ्हाईक. म्हणून चौघांचं एक टेबल शनिवारी त्यांच्या नावावर वेगळं काढून दिलं, त्यावर ते कोणालाही घेऊ शकतात. दुसरं कोणी आलं तर त्यांनी डेस्कला फोन करायचा, डेस्क सांगेल जागा आहे का. संध्याकाळी सहापर्यंत त्यांनी नाव दिलं नाही तर ते टेबल वॉक-इनमध्ये जातं. पहिल्या शनिवारी त्यांनी साडेसहाला फोन करून टेबल मागितलं, डेस्कवरच्या मुलीने घाबरत घाबरत सांगितलं की सर, ते गेलं. त्यानंतर ते साडेपाचला फोन करतात.